तासभर पाऊस, पण टिटवी एकदाच

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मघाशी विषय सांगितला, छोट्या आवाजाचा लूप करून तासाभराचा बॅकग्राऊंड ट्रॅक कसा करायचा. हॉलमध्ये नाटकवाले बरेच दिसतायत, भजनी मंडळाचे दोन-तीन चेहरे आहेत, मागं पोरं लॅपटॉप घेऊन बसलीयत, म्हणजे ऑडॅसिटी काय असतं हे मला सांगायला नको. सगळ्यांना जोड कसा लपवायचा तेच विचारायचं असतं, ते मी सांगणारच आहे. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. जोड लपवणं हे अर्धं काम. लूप पकडला जातो तो जास्त करून जोडावर नाही, मधे कुठंतरी बसलेल्या एका ओळखीच्या आवाजावर. आणि ते मला शिकवलं एका टिटवीनं.

झालं असं की आमच्या इथल्या एका ग्रुपचा तासाभराचा दीर्घांक होता. खानापूरच्या बाजूचं घर, जुलै महिना, बाहेर सलग पाऊस. आता आपल्याला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, कणकुंबीकडं एकदा सुरू झाला की माणसं दिवसचे दिवस त्या आवाजातच बोलतात, आवाज चढवून बोलतात, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच पाहिजे होतं, की पाऊस हे पात्र असल्यासारखं तासभर असलं पाहिजे. कुणीतरी एक ट्रॅक विकत आणला, तासाभराचा, आवाज एकदम स्वच्छ. पहिल्या तालमीला सगळे खूष. मी आवाज बघायला बसलो होतो, मला चौथ्या-पाचव्या मिनिटाला जाणवायला लागलं की पावसात लांब एक टिटवी ओरडतीय, आणि ती ठराविक वेळानं ओरडतीय. घड्याळ लावून बघितलं, दर वीस सेकंदाला. म्हणजे तासाभराचा ट्रॅक म्हणून दिलेला तो वीस सेकंदाचा तुकडा होता, आणि टिटवी तासात एकशेऐंशी वेळा ओरडणार होती.

मी सांगितलं तर म्हणाले, काय ओ, प्रेक्षक नाटक बघणार की टिटवी मोजणार? बरोबर आहे, प्रेक्षक मोजत नाही. पण कान मोजतो, माणसाला न विचारता. पुढच्या तालमींत काय झालं बघा. आईचं काम करणाऱ्या वहिनी एक मोठं वाक्य बोलायच्या आधी थांबायला लागल्या. दिग्दर्शक म्हणाला, पॉज छान घेताय, पण एवढा नको. त्यांनाही कळंना आपण का थांबतोय. मी सगळ्यांसमोर म्हटलं, वहिनी, तुम्ही टिटवीची वाट बघताय. मग ट्रॅक बंद करून सीन घेतला, पॉज गेला. चालू केला, पॉज परत आला. तिथं सगळे गप्प झाले.

मग उपाय निघाला की व्हॉल्यूम कमी करूया. हा उपाय प्रत्येक ठिकाणी निघतो आणि प्रत्येक ठिकाणी उलटा पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि पक्ष्यांच्या कितीतरी हाका तिथंच पडतात. आवाज हळू केला की कानाला खालचे, घुमणारे सूर आधी ऐकू यायचे बंद होतात. म्हणजे पावसाचं भारदस्तपण जातं, आणि टिटवी राहते. जेवढं हळू कराल तेवढी ती एकटी पडते आणि उठून दिसते.

शेवटी तो ट्रॅक बाजूला ठेवला आणि आपणच पाऊस रेकॉर्ड करायचं ठरलं. तोच पाऊस धरून आता पुढचं सांगतो, कारण पाऊस सोपा वाटतो पण त्यात सगळं येतं. (अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. हो, येतो मुद्द्यावर.)

खानापूरकडच्या एका कौलारू घराच्या पडवीत रेकॉर्डर ठेवला, ४८ किलोहर्ट्झ, WAV मध्ये. पन्हळीपासून लांब ठेवायचा, नाहीतर पाण्याची धारच मोठी येते. चांगला दहा-बारा मिनिटं चालू ठेवायचा आणि घरातल्यांना सांगायचं की बाबांनो बोलू नका, कुकर लावू नका. घरी आल्यावर त्यातला सगळ्यात सारखा पडणारा तुकडा शोधायचा. सगळ्यात चांगला नको, सगळ्यात सारखा. कारण पाऊस वाढत गेलेला असला तर तुकड्याचं शेपूट मोठं आणि डोकं बारीक असतं, आणि लूप फिरला की पाऊस धपकन कमी होतो. तिथं जोड कितीही सुंदर करा, कळतंच. मी पहिल्या दहा सेकंदांची आणि शेवटच्या दहा सेकंदांची सरासरी पातळी मोजून बघतो, एका डेसिबलपेक्षा जास्त फरक असला तर दुसरी जागा शोधतो. पातळी सारखी असूनही कधीकधी पोत बदललेला असतो, मधेच पन्हळ वाहायला लागलेली असते, ते मीटरवर दिसत नाही, ते कानानंच.

आता जोड. असा ६५ सेकंदांचा तुकडा घेतला. शेवटचे ४ सेकंद कापले आणि दुसऱ्या ट्रॅकवर अगदी सुरुवातीला, शून्यावर, नेऊन ठेवले. आता पहिल्या ४ सेकंदात दोन आवाज एकावर एक आहेत, कापलेलं शेपूट आणि मूळ सुरुवात. शेपूट हळूहळू विझवायचं, सुरुवात हळूहळू उगवायची, आणि दोन्ही एकत्र मिक्स करायचं. हातात ६१ सेकंदांची फाईल राहते. ह्यातली गंमत बघा. फाईल जिथं संपते ती मूळची ६१ वी सेकंद. फाईल जिथून सुरू होते तिथं पूर्ण आवाजात आहे ते शेपूट, जे मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या ६१ व्या सेकंदाच्या लगेच पुढंच होतं. म्हणजे लूप फिरतो त्या जागी जोडच नाही, तो निसर्गातच सलग पडलेला पाऊस आहे. खरा जोड ४ सेकंदांत पसरून फाईलच्या आत गेला.

विझवायचं कसं, ह्यात बरेच जण फसतात. सरळ रेषेत विझवलं आणि सरळ रेषेत उगवलं तर मधोमध दोन्ही आवाज निम्मे-निम्मे असतात. वाटतं निम्मं अधिक निम्मं एक. पण पावसाच्या दोन वेगळ्या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, त्यांची बेरीज आकाराची होत नाही, ताकदीची होते. निम्म्याचा वर्ग पाव, पाव अधिक पाव अर्धा, म्हणजे मधे ३ डेसिबलचा खड्डा. दर एकसष्ट सेकंदाला पाऊस दम घेतोय असं वाटतं. म्हणून मधोमध दोन्ही ०.७ च्या आसपास पाहिजेत. ऑडॅसिटीत `Crossfade Tracks` मध्ये `Constant Power 1` निवडलं की तेच होतं.

पण हाच नियम सगळीकडं लावू नका. आपल्या वडगाव-शहापूरकडच्या मागांचा आवाज घ्या. तिथं ठोका आहे. ४ सेकंद एकावर एक ठेवले तर दोन माग चालायलेत असं ऐकू येतं. तिथं ठोक्यावरच कापायचं, पूर्ण ठोके मोजून, आणि जोड काही मिलिसेकंदांचा ठेवायचा, नुसती टिकटिक येऊ नये एवढाच. पंख्याची किंवा ट्रान्सफॉर्मरची घरघर तिसऱ्याच प्रकारची, तिला ठोका ऐकू येत नाही पण लाट असते. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची, लूपची लांबी तिच्या पटीत ठेवायची आणि तिथं मात्र सरळ रेषेतलाच फेड, नाहीतर मधे आवाज फुगतो. तानपुऱ्यावर बोलायचं होतं, वेळ नाही, भजनी मंडळवाल्यांनी नंतर भेटा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग मुख्य गोष्ट घाईत सांगतो.

जोड झाला, आता ओळख पुसायची. ६१ सेकंदांची फाईल लूपवर लावून डोळे मिटून ऐका, परत परत ऐका. जी गोष्ट येणार हे तुम्हाला आधी कळतं ती टिटवी. ती पक्षीच असेल असं नाही, एखादा जाड थेंब पत्र्यावर पडलेला असतो, लांब स्कूटर गेलेली असते. ती काढा, तेवढा तुकडा कापून आत छोटा क्रॉसफेड द्या. ऐकून सापडत नसेल तर स्पेक्ट्रोग्राम उघडा, टिकटिक असली तर उभी रेघ दिसते, पक्षी असला तर वरच्या पट्ट्यात छोटी वळणं दिसतात.

मग दुसरा थर. त्याच रात्रीचा अंगणातला पाऊस, मातीवर आणि डबक्यात पडणारा, त्याचा तसाच ५९ सेकंदांचा लूप, कौलांपेक्षा ६ डेसिबल खाली. ५९ का? दोन्ही थर साठ-साठचे केले तर दर मिनिटाला तेच मिश्रण परत. पन्नास आणि साठ केले तर पाच मिनिटांनी परत. ५९ आणि ६१ ह्यांना समान भाग जात नाही, म्हणून दोन्ही परत एकत्र सुरुवातीला यायला ५९ गुणिले ६१, म्हणजे ३५९९ सेकंद लागतात. तास ३६०० चा. एक सेकंद कमी, बस्स. ऑडॅसिटीत `Repeat` मध्ये ६१ वाल्याला 59 आणि ५९ वाल्याला 61 आकडा द्या, मूळ तुकडा धरून आकड्यापेक्षा एक जास्तच होतो, म्हणून दोन्ही तासाच्या थोडे पुढं जातात, ३६०० वर कापा. एक लक्षात ठेवा, प्रत्येक थर स्वतः मिनिटा-मिनिटाला परत येतोच आहे, त्यामुळं एका थरात टिटवी राहिली तर दुसरा थर तिला लपवणार नाही.

आणि टिटवी हवीच असेल तर? घ्या की. तिसऱ्या ट्रॅकवर, हातानं, एकदा. नाटकात आम्ही ती मुलगा घरातून निघून जातो तिथं ठेवली, तासात एकदाच. गडगडाटही तसाच, तीन ठिकाणी, अंतर सारखं न ठेवता, आणि प्रत्येक वेळी वेगळा तुकडा.

शेवटचं एकच, मग उतरतो. लूप कधीही एमपीथ्री करून फिरवू नका. एमपीथ्री करताना फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता भरली जाते, कारण ती ११५२ सॅम्पलच्या ठोकळ्यांत बनते, ४८ किलोहर्ट्झला एक ठोकळा २४ मिलिसेकंदांचा. एवढी भोक जोडावर ऐकू येते, बऱ्याच जणांना वाटतं आपलाच क्रॉसफेड चुकला. सगळं WAV मध्ये करा, सगळे थर मिक्स करा, पूर्ण तास तयार झाल्यावर मग एकदाच एमपीथ्री. WAV साधारण ६९० एमबी होते, १९२ केबीपीएसची एमपीथ्री ८६ एमबीच्या आसपास, पेनड्राईव्हवर आरामात बसते. दोन्ही फाईली मी आणल्यात, हॉलच्या स्पीकरवर लावतो, ज्याला कुठं जोड सापडेल त्यानं हात वर करावा.