कूलर बंद करा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात नागपुरात कुणाला "कूलर बंद करा" म्हणणं म्हणजे भांडण विकत घेणं. पारा ४५च्या आसपास, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घुमतोय, आणि कुणी येऊन बटण बंद करतो. आमचे एक सर वॉर्डात पाऊल टाकताच हेच करायचे. रोग्यांचे नातेवाईक कुरकुरायचे, आम्ही शिकाऊ डॉक्टर घाम पुसायचो. सरांना हे का करावं लागतं, ते मला एका चुकीनंतर कळलं. चूक माझीच होती.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. रात्रपाळी माझी होती. रात्री दोनच्या सुमारास चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई आली, सहा महिन्यांची गरोदर. खाटेवर आडवी व्हायला तयार नाही. दोन्ही हात मागे टेकवून बसलेली, श्वास धापा टाकत. सासू म्हणाली, "दमाच आहे जी इले. लग्न झाल्यापासून पाहून राहिलो. यंदा लयच वाढला." आधी एके ठिकाणी श्वासनलिका मोकळ्या करण्याचं इंजेक्शन दिलेलं होतं. त्यानं आराम पडला नाही, उलट छाती जास्त धडधडायला लागली होती.

मी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. श्वास सोडताना स्पष्ट शीळ, अनेक सुरांची. दम्यात येते तशीच. कागदावर "दमा" लिहून मी मोकळा झालो. हृदयावरही स्टेथोस्कोप ठेवला होता म्हणा, पण नाडी १२८. लब्-डप लब्-डप इतक्या घाईत की काहीच वेगळं काढता येईना. वर कूलरची घरघर. "हृदयाचे आवाज: नॉर्मल" असंही मी लिहून टाकलं.

आता ती शीळ जरा बाजूला ठेवू. तुम्ही घरी असाल तर एक गोष्ट करून बघा. कानाजवळची केसांची बट दोन बोटांत धरा आणि हळूच चोळा. बारीक करकर ऐकू येईल. फुप्फुसाच्या तळाशी, श्वास आत घेण्याच्या अगदी शेवटी असा आवाज आला, तर त्याला आम्ही बारीक क्रॅकल्स म्हणतो. चिकटून बसलेल्या लहान लहान वाटा एकापाठोपाठ एक फटकन उघडतात, त्याचा तो आवाज. त्या रात्री तिच्या पाठीच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, तो होता. शिळेच्या गोंगाटात मी तो ऐकूनही ऐकला नाही.

साध्या दम्यात मुख्य आवाज शिळेचा असतो. दोन्ही तळांना बारीक करकर भरली की फुप्फुसात पाणी साचतंय का, ही शंका घ्यायलाच हवी. पण करकर आली म्हणजे पाणीच, असंही नाही. म्हाताऱ्या किंवा बराच वेळ पडून असलेल्या माणसाच्या तळाशी पहिल्या दोन-चार श्वासांत ती येते आणि खोल श्वास घेतल्यावर, खोकल्यावर निघून जाते. न्यूमोनियात बहुधा एकाच जागी असते. फुप्फुस आतून जाड होत गेलेल्या रोग्यात ती कायमच असते. म्हणून करकर ऐकली की आधी खोकायला सांगायचं आणि पुन्हा ऐकायचं. मी तेवढंही केलं नव्हतं.

आणि शीळ? तीही फसवते. श्वासनलिकेच्या अस्तराला सूज आली की नळी अरुंद होते, मग ती सूज ॲलर्जीची असो की हृदयामुळे तुंबलेल्या रक्ताची. हवेला कारण काय कळणार? शीळ तीच वाजते. त्या शिळेपेक्षा मला सासूचं पुढचं वाक्य ऐकायला हवं होतं: "रातच्याले उशी काढली का उठून बसते जी." आडवं झाल्यावर दम वाढणं आणि बसल्यावर उतरणं, हे दम्यातही थोडं असतं. पण रोजचंच आणि इतकं ठळक असलं, की नजर हृदयाकडे वळायला हवी.

रात्री माझे वरिष्ठ आले, त्यांनी तळाची करकर ऐकली, लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. पहाटेपर्यंत तिची धाप बरीच उतरली. सकाळी सर आले. कूलर बंद झाला. नंतर पंखाही.

सरांनी तिला विचारलं, "बाई, डाव्या कुशीवर मिनिटभर होता येईल का? दम लागला तर लगेच बसा." ती वळली. डाव्या कुशीवर वळलं की हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला जवळ येतं. सरांनी बोटानं ते टोक चाचपून शोधलं आणि बरोबर तिथे स्टेथोस्कोप ठेवला. चपट्या बाजूनं नाही, घंटेच्या आकाराच्या बाजूनं. चपटी बाजू उंच सुरांसाठी, ती दाबून धरतात. घंटेची बाजू खोल, जड सुरांसाठी, ती नुसती टेकवायची. जोरात दाबली तर खालची कातडीच ताणून चपट्या पडद्यासारखी होते आणि हवा असलेला आवाज निघून जातो. विद्यार्थी हमखास दाबतात. मीही दाबत होतो.

दुसरं बोट सरांनी तिच्या मानेच्या नाडीवर ठेवलं. हृदयाचे दोन आवाज असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाईच्या ठोक्यात पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे कानाला कळत नाही. मानेची नाडी उडते तिथे पहिला. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या रेने लेनेकनं १८१६मध्ये पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून छातीला लावली, आणि त्याचीही या बाबतीत चूक झाली होती. दुसरा आवाज हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं त्याला वाटायचं. खरं तर दोन्ही आवाज झडपा मिटतानाचे. पहिला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपांचा, दुसरा हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या झडपांचा.

सरांनी मग मला ऐकायला लावलं. "पहिला कसा वाटतो?" "जोरात, सर." "का?" मी गप्प. ते म्हणाले, अर्धं लोटलेलं दार मिटलं तर आवाज होत नाही. सताड उघडं दार वाऱ्यानं आपटलं की घर हादरतं. तिची डावीकडची, मायट्रल नावाची झडप आक्रसलेली होती. वरच्या कप्प्यात रक्त तुंबून दाब वाढला होता, तो झडप शेवटपर्यंत उघडी ठेवत होता, आणि मग खालचा कप्पा आवळला की ती लांबून आपटत होती.

दुसऱ्या आवाजानंतर लगेच एक बारीक "टक्" होता. छत्री उघडताना शेवटी जो झटका बसतो, तसा. ताठ झालेली झडप उघडताना मध्येच अडकते, त्याचा. आणि त्या "टक्"नंतर, श्रोतेहो, ते आलं ज्यासाठी कूलर बंद केला होता. दूरवर मालगाडी जावी तशी जड घरघर. तोंडानं सांगायचं तर: ठप्प, डप्-टक्, घुर्रर्र, ठप्प, डप्-टक्, घुर्रर्र. रुपयाएवढ्या जागेत ती ऐकू येत होती. स्टेथोस्कोप दोन बोटं सरकवला की गायब. कूलरचा सूर आणि हा सूर जवळपास एकाच पट्टीतले. कूलर चालू असता तर ही घरघर त्यात विरघळली असती.

हृदयाच्या दोन आवाजांमधल्या अशा जादा आवाजाला मर्मर म्हणतात. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या आवाजांच्या मधे हलकी मर्मर अनेक धडधाकट बायांना असते. पण दुसऱ्या आवाजानंतर, हृदय भरत असताना येणारी मर्मर निरुपद्रवी मानायची नाही. तिची पुढची तपासणी करायचीच.

आदल्या रात्री आधीच्या ठिकाणी दिलेलं इंजेक्शन का उलटलं, तेही सरांनी खाटेजवळच समजावलं. मिनिटाला ७० ठोके असताना एका ठोक्याला सुमारे ०.८६ सेकंद मिळतात, आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ हृदय भरण्यात जातो. १२० ठोके झाले की पूर्ण ठोक्याला अर्धा सेकंद उरतो, आणि काटछाट मुख्यतः भरण्याच्या वेळेतच होते. अरुंद झडपेतून रक्त उतरायला आधीच वेळ लागतो. वेळ आणखी कापला की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. श्वासनलिका मोकळ्या करणारी ती औषधं ठोके वाढवतात. तिला हवं होतं ठोके मंदावणारं औषध.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेचं तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर निघालं. निरोगी माणसात ते ४ ते ६ असतं. लहानपणी तिला घसा दुखून ताप आला होता आणि मग गुडघे सुजले होते, हे तिच्या आईनं नंतर सांगितलं. तोच ऱ्हुमॅटिक ताप, घशाच्या संसर्गानंतर येणारा, सांधे सुजवणारा आणि हृदयाच्या झडपाही बिघडवणारा. सांधे बरे झाले, झडप मात्र वर्षानुवर्षं आक्रसत राहिली, आणि गरोदरपणातल्या जादा रक्तानं ते उघड केलं.

ही मर्मर किती मोठ्यानं येते त्यावरून झडप किती बिघडली ते ठरत नाही. किती वेळ टिकते ते बघायचं. आणि दुसरा आवाज व "टक्" यांच्यातलं अंतर बघायचं. जितकं कमी, तितकी झडप अरुंद. झडप चुना साचून दगडासारखी झाली, तर "टक्" नाहीसा होतो आणि जोराचा पहिला आवाजही मऊ पडतो. हृदयातून जाणारं रक्तच खूप कमी झालं, तर अत्यंत अरुंद झडपही जवळपास मुकी असते. कान तिथे थांबतो. तेव्हा इकोच.

पोटावर शिशाचं आवरण ठेवून, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तिची झडप रुंद केली. चार दिवसांनी सरांनी मला पुन्हा त्या खाटेजवळ उभं केलं, कूलर बंद केला आणि नुसतं म्हणाले, "ऐक." पहिला आवाज अजून जोरातच होता. घरघर आखूड झाली होती. "डप्" आणि "टक्" यांच्यात आता ऐकू येण्याइतकी फट पडली होती. मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी घ्यायच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनचा कागद सासूच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन कूलरचं बटण दाबलं.