महिनाअखेर नेमकी कुणाची?

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘पगाराच्या आठवड्यातली किराणा ऑफर कशी लिहावी’ असा छापलाय. तो मी घेणार आहे, पण शेवटी. आधी एका शब्दाबद्दलचं माझं जुनं भांडण तुमच्यासमोर मांडतो. आयोजकांनी चाळीस मिनिटं दिली आहेत आणि समोरच्या रांगेत एक गृहस्थ घड्याळ काढून बसले आहेत. त्यांना मी ओळखतो. ते दर वेळी तिथेच बसतात.

तो शब्द आहे ‘महिनाअखेर’. किराणा दुकानांच्या साखळ्यांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि या एका शब्दाने मला जेवढं छळलं तेवढं कुठल्याही साहेबाने छळलं नाही. तुम्हीच सांगा, घरात कुणी ‘अरे, महिनाअखेर आहे’ असं म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो? खिसा रिकामा आहे. बाहेर जेवायला नको, नवी चप्पल नको, पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलवू. आपल्या भाषेत महिनाअखेर म्हणजे टंचाई. आणि जाहिरातवाले टेबलाभोवती बसून काय ठरवतात? ‘महिनाअखेर महाबचत’. कारण त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं की महिनाअखेरीला पगार होतात आणि घरांचं बजेट भरलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पगार 30 तारखेला संध्याकाळी जमा होत असेल, तर त्याच दिवशी सकाळी घर सगळ्यात गरीब असतं आणि रात्री सगळ्यात श्रीमंत. मधल्या आठ-दहा तासांत ग्राहक बदलतो, पण आमचा बॅनर तोच.

आता किस्सा. साखळीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मी नवीन होतो. वरून आदेश आला, 28 ते 31 ऑफर, तेल, साबण, कपडे धुण्याची पावडर, पीठ, ‘30 टक्क्यांपर्यंत सूट’. मी शीर्षक लिहिलं ‘महिनाअखेर महाबचत’. सगळ्यांना आवडलं. अनुप्रास होता ना! अनुप्रास असला की मीटिंगमध्ये कुणी अर्थ विचारत नाही.

28 ला दुकानात शुकशुकाट. 29 ला लोक आले, बॅनर वाचला, अर्धा किलोचं पाकीट घेतलं आणि गेले. एका बाईंनी तर कर्मचाऱ्याला विचारलं, ‘जुना माल काढताय का?’ त्यांचं काय चुकलं? महिनाअखेर म्हणजे शिल्लक, आणि शिल्लक म्हणजे उरलंसुरलं. मी लिहिलेल्या शब्दाचा त्यांनी शब्दकोशातला अर्थ घेतला.

खरी गंमत पुढे झाली. त्या भागात बहुतेकांचे पगार 1 तारखेला व्हायचे. 1 तारखेला सकाळी दुकान उघडलं आणि लोक लांबलचक याद्या घेऊन हजर. बॅनर अजून लटकतोय, कारण तो उतरवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. बिलाच्या मशीनमध्ये मात्र ऑफर मध्यरात्री संपलेली. गाडी भरून काउंटरला आलेल्या एका आजींचं बिल पूर्ण दराने निघालं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पैसे नसतात तेव्हा बोलावता, आणि पैसे हातात आले की सेल उठवता?’ कॅशियरकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी त्याच रांगेत, ऑफर कशी चालली ते बघायला उभा होतो. मी माझा चेहरा एका बिस्किटांच्या पुड्यामागे लपवला.

(हशा)

मग ऑफर 28 ते 31 का ठेवली होती? हे शोधायला मला दोन महिने लागले, आणि तेच माझं मुख्य गाऱ्हाणं आहे. कंपनीच्या हिशोबाचा महिना 31 ला बंद होत होता. विक्रीचं उद्दिष्ट त्याच महिन्यात भरायचं होतं. 1 तारखेची विक्री पुढच्या महिन्याच्या खात्यात पडली असती आणि या महिन्याचा आकडा तोकडा राहिला असता. थोडक्यात, ‘महिनाअखेर’ ग्राहकाची नव्हती, हिशोब खात्याची होती. आम्ही आमची अडचण बॅनरवर लिहून ग्राहकाला वाचायला दिली होती.

हे फक्त आमच्याच साखळीत झालं असं समजू नका. ऑफर ज्या तारखांना संपते त्या बघा. 30, 31, क्वचित 28. पगाराच्या दिवसाशी त्यांचा संबंध जुळला तर योगायोग. आणि पगाराचा दिवस तरी एक कुठे असतो? कुणाचा शेवटच्या कामाच्या दिवशी, कुणाचा 1 ला, कुणाचा 7 ला, कुणाला आठवड्याला. 31 ला रविवार आला तर एकाचे पैसे शुक्रवारी 29 लाच जमा, आणि दुसऱ्याचे थेट सोमवारी 1 ला. अख्ख्या साखळीला एकच तारीख लावणं म्हणजे सगळ्या गावाला एकाच मापाचा सदरा शिवणं.

हातात पैसे आले की खर्च वाढतो ही माझी एकट्याची कल्पना नाही. जस्टिन हेस्टिंग्ज आणि एबोन्या वॉशिंग्टन या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या किराणा दुकानांची बिलं तपासली होती. सरकारी अन्नमदत मिळणाऱ्या कुटुंबांची खरेदी मदत मिळाल्यावर लगेच जास्त आणि महिना सरत जाईल तशी कमी होताना दिसली. ती मदत आहे, पगार नाही, हे मला कबूल आहे. पण पैसे येण्याचा दिवस बिलात दिसतो, एवढा मुद्दा घ्या.

तो आपल्या दुकानात कुठे दिसतो? गर्दीत शोधू नका. गर्दी शनिवारीही होते. बिलाची लांबी बघा, म्हणजे एका बिलात किती वस्तू आहेत ते. पगार झाला की बिलातल्या ओळी वाढतात आणि पाच लिटरचा डबा, पाच किलोची पिशवी यांचा हिस्सा वाढतो. एका दुकानाची वर्षभराची रोजची बिलं अशी मांडली की उंचवटा आपोआप दिसतो. काही ठिकाणी दोन उंचवटे दिसतात, 1 ला एक आणि 7 च्या पुढे एक. तिथे दोन प्रकारचे मालक पगार देतात असं समजायचं. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही. मी केलं, कारण त्या आजी पुन्हा भेटतील अशी भीती होती.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बघा, मी म्हटलंच होतं, घड्याळवाले गृहस्थ!

तर आता पत्रिकेवरचा विषय, भराभर.

या आठवड्यात टक्के ओरडून सांगू नका. यादी करून आलेला माणूस तेल घेणारच आहे, तुम्ही सूट द्या किंवा नका देऊ. एक हिशोब करू, आकडे उदाहरणापुरते. धुण्याच्या पावडरीची विक्रीची किंमत 100, दुकानाला पडते 80 ला, सुटतात 20. साध्या आठवड्यात 300 पिशव्या जातात. पगाराच्या आठवड्यात ऑफर नसली तरी 400 जातात. आपण 15 टक्के सूट दिली आणि 520 गेल्या. अहवालात लिहितात ‘300 वरून 520’, टाळ्या. खरी तुलना 400 शी व्हायला हवी, म्हणजे वाढ 120. आणि 400 पिशव्यांवर 8000 सुटले असते, तिथे 520 वर पिशवीमागे 5 च्या हिशोबाने 2600 सुटले. माल पुरवणाऱ्या कंपनीने पिशवीमागच्या 15 च्या सवलतीपैकी 10 चा भार उचलला तरी 7800. वर पुढच्या दोन आठवड्यांत विक्री 300 च्या जागी 250 आणि 260 झाली, कारण लोकांच्या घरी पिशवी पडून आहे. म्हणजे 120 पैकी 90 पिशव्या आपण आपल्याच पुढच्या आठवड्यांतून उचलल्या.

हे सगळ्या मालाला लागू नाही. जास्त पावडर घरात आली म्हणून कुणी कपडे जास्त वेळा धूत नाही. खाऊ मात्र घरात असला की संपतो. ऐलावाडी आणि नेस्लिन या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी 1998 मध्ये योगर्ट आणि केचप यांची अशीच तुलना केली होती. साठा वाढल्यावर योगर्टचा खप जास्त लवचीक निघाला, केचपचा कमी. म्हणून सूट द्यायचीच असेल तर पावडरीवर देण्याआधी दोनदा विचार करा.

मग मजकुरात काय लिहायचं? पुरवठा लिहायचा. ‘30 टक्क्यांपर्यंत सूट’ यात ‘पर्यंत’ हा शब्द सगळ्यांना कळतो, तो कितीही बारीक छापा. त्याऐवजी ‘महिन्याची यादी आणा. पाच लिटरचा डबा, लिटरमागे सुट्या पिशवीपेक्षा इतका स्वस्त.’ लिटरमागचा दर छापा, आणि छापण्याआधी स्वतः भागाकार करा. मोठा डबा लिटरमागे महाग पडतोय हे मला एकदा छापून झाल्यावर कळलं होतं. ग्राहकाला आधी कळलं होतं.

‘इतक्या बिलावर अमुक मोफत’ अशी ऑफर असेल तर ती रेषा नेहमीच्या यादीच्या जरा वर हवी. यादीचं बिल साधारण 100 होत असेल तर 120 ला ठेवा, माणूस एखादी वस्तू वाढवतो. 90 ला ठेवली तर वस्तू फुकट वाटली. 200 ला ठेवली तर कुणी त्या वाटेला जात नाही. आणि हे ‘साधारण’ सरासरीवरून काढू नका. दहा-बारा जणांची प्रचंड बिलं सरासरी वर ओढतात. सगळी बिलं ओळीने लावा आणि मधलं उचला, पण फक्त पगाराच्या आठवड्यातली, कारण साध्या दिवशी दूध-पाव नेणाऱ्याचं बिल त्यात मिसळलं की रेषा खाली घसरते.

आणि तो शब्द? ‘महिनाअखेर’ मी पुन्हा लिहिलेला नाही. ‘महिन्याची सुरुवात’ लिहितो. 30 ला पगार होत असले तरी तेच लिहितो, कारण ज्या दिवशी पैसे येतात त्या दिवशी घराचा महिना सुरू होतो. ‘पगार झाला का?’ असंही लिहून पाहिलं. नको. ज्यांचा झालेला नसतो त्यांना ते टोचतं, आणि धंदा करणाऱ्याला वाटतं की हे आपल्यासाठी नाहीच.

हो, हो, संपवतोय. एकच, कामाचं. ऑफरची शेवटची तारीख बॅनरवर जेवढ्या अक्षरात, तेवढ्याच अक्षरात मागच्या बाजूलाही छापून घ्या, खाली ओळ घाला, ‘7 ला रात्री दुकान बंद करताना उतरवा’, आणि त्याच्याशेजारी दुकानातल्या एका माणसाचं नाव पेनाने लिहायला जागा सोडा. छपाईवाला दोन्ही बाजूंचे पैसे लावेल. द्या.