पुरळाचा फोटो कसा वाचायचा

पडद्यावरचा फोटो नीट बघा. अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंच्या उजव्या कुशीचा आहे असं समजू या. ‘अ‍ॅलर्जी दिसतेय’ किंवा ‘काहीतरी चावलंय’ असं एवढ्यात म्हणू नका. आधी नुसतं दिसतं तेवढं सांगायचं.

पहिला प्रश्न, पुरळ कुठे आहे आणि कुठे थांबतं? इथे ते पाठीच्या कण्याजवळ सुरू होतं, बरगड्यांच्या रेषेत काखेखालून पुढे येतं आणि छातीच्या मध्यरेषेपाशी थांबतं. डाव्या बाजूला एकही फोड नाही. म्हणजे एका बाजूचा पट्टा. दुसरा प्रश्न, त्वचा सपाट आहे की उंचावलेली? इथे दोन-तीन मिलिमीटरचे पाणी भरलेले फोड आहेत, घोळक्याने आलेले. प्रत्येक घोळक्याखाली त्वचा लाल आहे आणि दोन घोळक्यांमध्ये मात्र ती अगदी साधी आहे. काही फोडांतलं पाणी स्वच्छ, काहींतलं गढूळ, कण्याजवळच्या दोन-तीन फोडांवर खपली धरू लागलेली. म्हणजे सगळे फोड एकाच दिवशी आलेले नाहीत.

रंगाबद्दल एक सावधगिरी. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसतेच असं नाही, ती तपकिरी किंवा जांभळट दिसते. त्यातून पिवळा दिवा असला की फोटोतला रंग आणखी बदलतो. म्हणून दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता तीन फोटो घ्यावेत: एक लांबून, पूर्ण पट्टा दिसेल असा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून, आणि एक दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेचा, तुलनेसाठी. फोड उंच आहेत की नाही, हे कडेने उजेड आला की कळतं. मला हा लांबचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक काढत नाहीत. जवळच्या फोटोत चार फोड दिसतात, पण ते एकाच बाजूला आहेत हे दिसत नाही.

आता जे फोटोत येत नाही, ते विचारायचं. या बाईंना फोड येण्याच्या दोन दिवस आधीपासून तिथे आग होत होती आणि कपडा लागला तरी दुखत होतं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. एका बाजूचा पट्टा, घोळक्याने आलेले फोड आणि आधी सुरू झालेली आग, हे तिन्ही एकत्र आलं की नागिणीची शंका घ्यायची. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो. वर्षांनी तो जागा झाला की त्याच एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. एखाद्या पट्टीची किंवा मलमाची अ‍ॅलर्जी असती, तर खाज जास्त असती आणि पुरळाची कड त्या पट्टीच्या आकाराची असती.

तरी फोटोवरून शंका घेता येते, निदान डॉक्टरांनी करायचं. आणि इथे वेळ महत्त्वाची आहे. नागिणीवरची विषाणूविरोधी औषधं, जसं अ‍ॅसायक्लोव्हिर, पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केली तर उत्तम. म्हणून ‘चार दिवस बघू’ हा सल्ला इथे चुकीचा. त्या मुदतीनंतर कळलं तरीही जायचं, कारण नवे फोड येत असतील तर डॉक्टर तेव्हाही औषध देऊ शकतात. घरातलं स्टेरॉइडचं मलम मात्र स्वतःहून लावू नये. उतारवयात फोड बरे झाल्यावरही महिनोन्महिने दुखत राहण्याची शक्यता वाढते, तेव्हा साठीच्या आसपास असाल तर त्याच दिवशी दाखवा.

काही ठिकाणी एक दिवसही थांबायचं नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांदीतून जाते. शरीरभर फोड पसरले, रुग्ण गरोदर असेल किंवा केमोथेरपीसारख्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तरीही लगेच जायचं.

नागिणीशी संबंध नसलेली एक खूण इथेच सांगतो, कारण तीही फोटोत फसवते. ताप असलेल्या, आजारी माणसाच्या अंगावर लालजांभळे ठिपके असतील तर पारदर्शक काचेचा ग्लास त्यांच्यावर दाबून बघा. काचेखालीही ठिपके फिके होत नसतील तर ते त्वचेखालचं रक्त असू शकतं. फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. ठिपके फिके झाले, पण माणूस सुस्त किंवा अत्यवस्थ वाटला, तरी थांबायचं नाही.

राहिला आपल्या बाईंचा घरातला प्रश्न. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवायचे. कांजिण्या न झालेल्या आणि लसही न घेतलेल्या गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला त्यांच्या संपर्कात येऊ द्यायचं नाही, कारण फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात.