रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑनलाइन बैठक सुरू होते, पडद्यावर लाल ठिपका दिसू लागतो आणि कुणीतरी म्हणतं, "रेकॉर्डिंग चालू करतोय हं, कुणाची हरकत नाही ना?" सगळे गप्प. बैठक पुढे सरकते. नियमापुरती संमती मिळाली, असं आपण धरून चालतो. पण या बोलण्याचं पुढे काय होणार, हे तिथे बसलेल्यांना कुठे ठाऊक असतं? शब्दन् शब्द उतरवून ठेवणार, की अर्ध्या पानाचा सारांश निघणार? त्यात कोण काय म्हणालं ते नावानिशी येणार का? तो कुणाकुणाला जाणार? उत्तर मिळालं नाही की माणूस वाईटात वाईट शक्यता गृहीत धरतो आणि तेवढंच बोलतो जेवढं कुणीही वाचलं तरी चालेल.

हा नुसता माझा अंदाज नाही. या गोष्टीची जणू आपोआपच झालेली एक मोठी चाचणी उपलब्ध आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, तिथे व्याजदराचं धोरण ठरवणारी एक समिती आहे. वर्षातून साधारण आठ वेळा ती बसते. इतिवृत्त लिहायला सोयीचं जावं म्हणून या बैठका टेप केल्या जात. काम झालं की टेप पुसल्या जातात, अशी बहुतेक सदस्यांची समजूत होती. टेपवर पुन्हा रेकॉर्डिंग होई, हे खरंच. पण त्याआधी तिच्यावरून टंकलेली प्रत निघे, आणि ती दप्तरात जपून ठेवली जाई. १९९३ साली अमेरिकी संसदेतले हेन्री गोन्झालेझ यांनी पिच्छा पुरवला, तेव्हा अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांच्याकडून हे बाहेर आलं. १९७६ पासूनच्या बैठकांच्या अशा प्रती शिल्लक होत्या! मग ठरलं की त्या पाच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध करायच्या.

आता गंमत बघा. समिती तीच, विषय तेच, ध्वनिमुद्रण आधीही होत होतं. बदललं ते एवढंच की आपलं बोलणं कुठे आणि कधी पोहोचणार, हे सदस्यांना कळलं. त्यामुळे १९९३ आधीचं बोलणं आणि नंतरचं बोलणं शेजारी ठेवून पाहता आलं. हॅन्सन, मॅकमॅहन आणि प्रॅट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ते केलं. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या समितीच्या बैठकीचे दोन मुख्य टप्पे असतात. आधी अर्थव्यवस्थेची स्थिती मांडायची, मग दराचं काय करायचं यावर चर्चा. पहिल्या टप्प्यात, विशेषतः नवे सदस्य, अधिक तयारीने येऊ लागले, आकडे अधिक देऊ लागले. दुसऱ्या टप्प्यात मात्र त्यांचा सहभाग आखडला. प्रश्न विचारणं कमी झालं, आपसांत बोलणं कमी झालं. अभ्यासकांनी दोन्ही परिणाम मांडले, आणि तयारीचा फायदा थोडा वरचढ ठरल्याचं म्हटलं.

मला यातला सगळ्यात कामाचा धडा हा वाटतो: नोंद राहणार हे कळल्याने माहिती सांगण्याचं काम सुधारतं आणि एकत्र विचार करण्याचं काम बिघडतं. म्हणजे एकाच बैठकीच्या दोन भागांना एकच नियम लावणं, ही मूळ चूक आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, ग्राहकांची सगळी माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवायची होती. रात्री काम सुरू झालं, मध्येच फसलं, सकाळी सेवा बंद. आता कारण शोधायला दहा जण बसणार आहेत. बैठकीच्या निमंत्रणातच, म्हणजे आदल्या दिवशी, हे लिहून पाठवायचं: "पहिली वीस मिनिटं घटनाक्रम नोंदवू. हा भाग रेकॉर्ड होईल. कोणत्या वेळी काय झालं, याची टिपणी सर्व विभागांना जाईल. त्यानंतर रेकॉर्डिंग बंद करू आणि कारणांवर बोलू. त्या भागातून फक्त ठरलेली कामं लिहिली जातील, कोण काय म्हणालं ते लिहिलं जाणार नाही. मसुदा आधी तुम्हा दहा जणांनाच येईल, दुरुस्तीला एक दिवस मिळेल. टिपणी पक्की झाली की रेकॉर्डिंग पुसू. काही अडचण असेल तर मला एकट्याला कळवा."

शेवटचं वाक्य साधं वाटतं, पण ते महत्त्वाचं आहे. भर बैठकीत, साहेबांसमोर "माझी हरकत आहे" म्हणायला कोण धजावेल? नकार द्यायचा तर तो आधी आणि एकट्याने देता आला पाहिजे. आणि उशिरा आलेल्यालाही हे सांगावं लागतं, तो नेहमी राहून जातो.

आता दुसऱ्या भागात काय होतं ते ऐका. धोका आधी हेरणारा माणूस कनिष्ठ असतो. तो म्हणतो, "चाचणी पूर्ण झाली नव्हती, हे मला संध्याकाळीच वाटलं होतं. पण तारीख जाहीर झाली होती, म्हणून बोललो नाही." खरं कारण हेच आहे. नावानिशी नोंद होणार असती, तर हे वाक्य त्या खोलीत आलंच नसतं. आलं असतं बैठक संपल्यावर, एकाच सहकाऱ्याच्या कानात. सारांशात मग लिहिता येतं: "तारीख जाहीर झाल्यावर शंका मांडायला जागा नव्हती. यापुढे आदल्या दिवशी थांबवण्याचा अधिकार चाचणी पथकाला राहील." काम झालं, आणि माणूसही सुरक्षित राहिला.

सारांशाचं स्वरूप आधी सांगायला हवं, याला आणखी एक कारण आहे. सारांशात सगळ्यात आधी गळतात त्या अटी. एखादी बाई म्हणते, "चाचणीला दोन माणसं मिळाली, तर पंधरा तारखेपर्यंत बहुधा होईल." सारांश माणसाने लिहिलेला असो वा सॉफ्टवेअरने, त्यात उतरतं, "पंधरा तारखेपर्यंत पूर्ण होईल," आणि पुढे तिचं नाव. दोन आठवड्यांनी तोच कागद तिच्यासमोर येतो. पुढच्या वेळी ती अंदाज देतच नाही. "बघून सांगते" एवढंच म्हणते. म्हणून मसुदा परत पाठवायचा तो निव्वळ शिष्टाचारासाठी नाही, तर "तर" आणि "बहुधा" हे शब्द परत जागेवर आले का, हे पाहण्यासाठी.

लोक अवघडून बोलताहेत, हे ओळखायचं कसं? "हे नंतर बोलू" ही वाक्यं वाढतात. लोक लिहून आणलेलं वाचून दाखवतात. एकमेकांना प्रश्न विचारणं थांबतं आणि सगळे एकेक करून नोंदवहीशी बोलतात. बैठकीनंतर फोन सुरू होतात. तेव्हा समजावं की खरी बैठक दुसरीकडे चालू आहे.

एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. वाद न्यायालयात गेला किंवा तपासणी आली, तर साठवलेलं रेकॉर्डिंग मागितलं जाऊ शकतं. अशा वेळी "बाहेर जाणार नाही" या शब्दाला अर्थ उरत नाही. त्यामुळे आपल्या हातात जेवढं आहे तेवढंच कबूल करावं. मागणी आल्यावर काहीही पुसता येत नाही, म्हणून पुसण्याची तारीख आधीच ठरलेली असावी आणि पाळली जावी. जे कुठेच जाऊ नये, ते रेकॉर्डच करू नये.

आणि महिन्याभराने दुसऱ्या विभागातून निरोप येतो, "तेवढी दोन मिनिटांची क्लिप पाठवा ना, नव्या लोकांना दाखवायची आहे." हेतू चांगला असतो. पण सांगितलं होतं वेगळंच. मग क्लिपमध्ये बोलणाऱ्यांना एकेकाला विचारायचं, कुठे आणि कुणाला दाखवणार ते सांगून. एकजण नाही म्हणाला, तर त्याचा भाग कापायचा. कापता येत नसेल, तर क्लिप पाठवायची नाही.

नमस्कार.