पाठपोट कागद आणि एका बाजूचा फीडर: सम पानं उलटीच येऊ द्या

नमस्कार मंडळी. स्कॅनरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतोय. आमचा फीडर कागदाची एकच बाजू वाचतो, कागद तर पाठपोट छापलेले आहेत, मग पानं क्रमाने लावलेली एक पीडीएफ कशी करायची? मुंबईत सध्या जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे आणि प्रत्येक सोसायटीत कुणीतरी जुनी ॲग्रीमेंट्स स्कॅन करत बसलंय, त्यामुळे हा प्रश्न कुठून येतोय हे मला चांगलं कळतं.

सोप्या गोष्टी पटकन उरकतो. पिना काढा. गठ्ठा फीडरमध्ये ठेवा, सगळ्या पुढच्या बाजू स्कॅन करा, ती झाली `visham.pdf`. मग तोच गठ्ठा मागच्या बाजूने स्कॅन करा, ती `sam.pdf`. जुनी ॲग्रीमेंट्स हिरव्या लीगल कागदावर असतात, तेव्हा साइझ ए-फोर ठेवू नका, खालच्या सह्या कापल्या जातील. झालं.

आता खरी मेख. दुसऱ्या फेरीत पानं उलट्या क्रमाने येतात.

[क्लोज-अप: फीडर]

हे बघा. या फीडरमध्ये छापील बाजू वर ठेवतात. पहिला कागद आत जातो, वळसा घेतो आणि खालच्या ट्रेमध्ये पालथा पडतो. दुसरा त्याच्यावर पालथा पडतो, तिसरा त्याच्यावर. शेवटी गठ्ठ्याच्या वर काय दिसतं? शेवटच्या कागदाची मागची बाजू. आता हा गठ्ठा आहे तसा उचलायचा, जागच्या जागी फिरवून पानांचं डोकं आत जाईल असा धरायचा आणि पुन्हा वर ठेवायचा. एकही कागद पुढेमागे करायचा नाही. म्हणजे सर्वात आधी शेवटचं सम पान स्कॅन होणार आणि सर्वात शेवटी दोन नंबरचं. तसंच होऊ द्या.

कमेंटमध्ये बरेच जण लिहितात, "मी दुसऱ्या फेरीआधी कागद हाताने सरळ क्रमाने लावून घेतो." अहो, कशाला? चाळीस-पन्नास जुने, कडा झिजलेले कागद एकेक करून उलटे रचताना एक जरी मागेपुढे झाला तरी तुमची सम फाइल बिघडली, आणि फाइल बघून ते लक्षातही येत नाही. क्रम उलटा करण्याचं काम कॉम्प्युटर बिनचूक करतो. ते काम एकदाच करायचं, एकाच ठिकाणी करायचं, आणि ते ठिकाण म्हणजे कॉम्प्युटर. हातानेही उलटं केलं आणि प्रोग्रॅममध्येही उलटं केलं, तर एक नंबरनंतर थेट शेवटचं पान येऊन बसतं.

तुमचा फीडर वेगळ्या प्रकारचा असेल तर तीन कोरे कागद घ्या, पेन्सिलीने पाठपोट १ ते ६ आकडे घाला आणि दोन्ही फेऱ्या करून बघा. पहिल्या फाइलमध्ये १, ३, ५ आणि दुसरीत ६, ४, २ आलं, की गठ्ठा बरोबर उचललात. ॲग्रीमेंटला हात लावायच्या आधी हे करा.

आता जोडणी. पीडीएफसॅम बेसिक हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात `Alternate Mix` उघडा, आधी विषम फाइल घाला, मग सम, आणि फक्त सम फाइलपुढच्या `Reverse` वर टिक करा. फक्त समपुढे! स्कॅनिंगच नॅप्स-टू मधून करत असाल, तर दोन्ही फेऱ्या एकाच खिडकीत लागोपाठ घ्या आणि `Reorder` मधलं `Alternate Interleave` निवडा, ते उलट्या क्रमासाठीच आहे. आणि कमांड चालवणाऱ्यांसाठी क्यूपीडीएफ:

```
qpdf --empty --collate --pages visham.pdf 1-z sam.pdf z-1 -- purna.pdf
```

यात `z` म्हणजे शेवटचं पान. `z-1` म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. सगळी मेख त्या तीन अक्षरांत आहे.

"एखाद्या वेबसाइटवर टाकून जोडलं तर?" असंही विचारतात. ॲग्रीमेंटमध्ये सह्या, पत्ते, पॅन नंबर असतात. कुणाच्या तरी सर्व्हरवर ते चढवायची काहीच गरज नाही, वरचं सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवूनही चालतं.

आता मुलुंडच्या आमच्या सोसायटीतलं उदाहरण. सेक्रेटरीकाका पेनड्राइव्ह घेऊन आले. म्हणाले, "अरे, सुरुवातीची पानं बरोबर आहेत, पुढे मात्र सगळी गडबड." कागद ४३, म्हणजे बाजू ८६. विषम फाइलमध्ये ४३ पानं होती, सममध्ये ४२. जुलै महिना, हवा दमट, दोन कागद चिकटून एकदम आत गेले आणि एक मागची बाजू निसटली. गंमत म्हणजे प्रोग्रॅम अशा वेळी तक्रार करत नाही. एक फाइल आधी संपली, तर दुसरीतलं उरलेलं पान शेवटी लावतो आणि गप्प बसतो.

निसटलेलं पान शोधायला सगळी फाइल चाळावी लागत नाही. जोडलेल्या फाइलमध्ये मधल्या एका सम जागेवरचं पान उघडा, कारण विषम जागांवरची पानं इथे बरोबरच असतात. तिथे छापील नंबर बरोबर असेल तर बिघाड पुढे आहे, नसेल तर मागे. दर वेळी निम्मी पानं बाद होतात. काकांच्या फाइलमध्ये ३७ नंतर थेट ४० आलं होतं. म्हणजे १९ व्या कागदाची मागची बाजू, ३८ नंबर, स्कॅनच झाली नव्हती. तेवढी एक बाजू स्कॅन करून `ek.pdf` केली. सम फाइल ८६ पासून उलटी मोजली तर ४० नंबर २४ व्या जागी येतो, तेव्हा ३८ त्याच्या लगेच नंतर बसवायचं:

```
qpdf --empty --pages sam.pdf 1-24 ek.pdf 1 sam.pdf 25-z -- sam2.pdf
```

मग `sam2.pdf` घेऊन पुन्हा पहिली कमांड. काकांचं काम झालं.

म्हणून जोडायच्या आधी पानं मोजा. `qpdf --show-npages sam.pdf` लगेच आकडा सांगतं. पण दोन फाइलींचे आकडे एकमेकांशी जुळले एवढ्यावर थांबू नका. पहिल्या फेरीत एक कागद निसटला आणि दुसरीत भलताच एक, तर दोन्हीकडे ४२ येतील आणि दोन्ही फाइली चुकीच्या असतील. हातातले कागद आधी मोजा आणि दोन्ही आकडे त्याच्याशी जुळवा. पावसाळ्यात तर गठ्ठा फीडरमध्ये ठेवण्याआधी कडेने फुलवून घ्याच.

आणि कोरी पानं. स्कॅनरमध्ये कोरी पानं आपोआप वगळायची सोय असते, ती बंद ठेवा. नकाशाची मागची बाजू कोरी असते, ती गाळली गेली की तिथून पुढची सगळी सम पानं एकेक घर सरकतात आणि तुम्ही चिकटलेला कागद शोधत बसता. कोरी बाजूही स्कॅन होऊ द्या. नको असेल तर जोडणी झाल्यावर, नंबर तपासून झाल्यावर काढा.