पिन बसली, पण अडॅप्टर चालेल का?

हा एक राउटर आहे. त्याचा अडॅप्टर जळाला. शेजारी जुन्या तारांच्या खोक्यातून काढलेले तीन अडॅप्टर ठेवले आहेत. तिघांचीही टोकं गोल, काळी, दिसायला सारखी. तिन्ही टोकं राउटरमध्ये शिरतात. त्यातला एक राउटर चालवील, एक त्याला धड चालू देणार नाही, आणि एक त्याला कायमचा संपवील.

आधी राउटर उलटा करू. मागच्या लेबलवर लिहिलंय: १२ व्होल्ट, १ अँपिअर. आता अडॅप्टरचं लेबल पाहू. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि घाईत नेमकी चुकीची वाचली जाते. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट दिसतं. ते भिंतीतल्या विजेबद्दल आहे. आपल्याला हवी ती आउटपुटची ओळ.

पहिल्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट, १ अँपिअर आहे. दुसऱ्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर. तिसरा लॅपटॉपचा, १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर.

दुसऱ्यावरचे २ अँपिअर पाहून बरेच जण बिचकतात. दुप्पट वीज जाऊन राउटर जळेल असं वाटतं. तसं होत नाही. किती व्होल्ट द्यायचे हे अडॅप्टर ठरवतो, पण किती अँपिअर ओढायचे हे यंत्र ठरवतं. अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे त्याची जास्तीत जास्त ताकद. राउटरला १ लागतो, तो १च घेईल. अडॅप्टर उलट निवांत आणि थंड राहील. म्हणून व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

९ व्होल्टवर हा राउटर सुरूच होणार नाही, किंवा दिवे लागतील आणि काम वाढलं की तो पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहील. १९ व्होल्टचा प्रकार मात्र गंभीर आहे. १२ व्होल्टच्या यंत्रांत शिरणाऱ्या विजेच्या वाटेवर बहुधा १६ किंवा २५ व्होल्ट सोसणारे कपॅसिटर असतात. १६ वाल्यावर १९ आले की तो फुगू शकतो, कधी फुटतोही. करपल्याचा वास येईपर्यंत नुकसान झालेलं असतं.

यूएसबी-सीच्या चार्जरमध्ये ही भीती कमी असते. तिथे सुरुवात ५ व्होल्टने होते आणि यंत्राने मागितल्याशिवाय चार्जर वर जात नाही. गोल पिनेत असं काही विचारणं नाही. लावलं की वीज आत.

आता लेबलवरची ही छोटी आकृती पाहा. मधे ठिपका, भोवती अर्धगोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणेची खूण. ठिपका म्हणजे टोकाच्या आतली बाजू. ठिपक्याची रेघ अधिककडे गेली असेल तर आतली बाजू धन. राउटरवर आणि अडॅप्टरवर ही आकृती सारखीच हवी. गिटारच्या पेडलना बहुधा ९ व्होल्ट लागतात आणि आतली बाजू ऋण. तिथे व्होल्ट जुळूनही दिशा उलटी पडू शकते. आणखी एक खूण: आकड्यापुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी रेघ असेल तर एसी. राउटरला डीसी हवा.

दुसरा अडॅप्टर जुळला. तरी एक फसवणूक उरते, टोकाच्या मापाची. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक कधी २.१, कधी २.५ मिलिमीटर. भोक २.१ आणि सॉकेटमधली सुई २.५ असेल तर टोक आत जातच नाही, चूक लगेच कळते. उलट झालं तर टोक सहज शिरतं, पण सुईला नीट टेकत नाही. तार हलली की राउटर बंद, आणि माणूस दोष देतो इंटरनेटला. मला ही चूक सर्वांत त्रासदायक वाटते, कारण ती चालू-बंद होत लपून राहते. टोक लावून हलकेच हलवा. दिवा मिणमिणला तर माप चुकलंय.

शेवटची तपासणी मल्टिमीटरने. तो डीसी २० व्होल्टवर ठेवला. लाल टोक अडॅप्टरच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. दोन्ही एकमेकांना लागू द्यायची नाहीत. पडद्यावर १२.१. आकड्याआधी उणे असतं तर दिशा उलटी. जुन्या, हाताला जड लागणाऱ्या अडॅप्टरवर लेबल १२ म्हणतं आणि भार नसताना मीटर १६ दाखवतो. तसला राउटरला लावायचा नाही.

हा १२.१चा. लावला. टोक हलवून पाहिलं. दिवा स्थिर आहे.