टायरात दाणे टाकल्यावर थरथर खरंच जाते का?

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यापासून कमेंटमध्ये एकच विषय चाललाय. "दादा, टायरात ते बॅलन्सिंगचे दाणे टाकू का?" "भाऊ, पावडर किती ग्रॅम टाकायची?" एकानं तर लिहिलंय, "व्हिडिओ नाही केला तर अनसब्स्क्राईब करायलो." घ्या मग, केला.

आधी काय असतं ते पटकन सांगतो. काचेचे, सिरॅमिकचे नाहीतर प्लास्टिकचे बारीक दाणे असतात, साबुदाण्याहून लहान. काही कंपन्या पावडर देतात. ट्रक-बसच्या मोठ्या टायरात साधारण 300 ग्रॅम ओततात. टायर फिरला की दाणे आपोआप जड जागेच्या समोर जातात आणि तोल साधतात, असं पुडीवर लिहिलेलं असतं. शिशाचं वजन ठोकायची गरज नाही, मशीनची गरज नाही. आपल्याकडे मोठ्या टायरचं बॅलन्सिंग मशीन गावोगावी मिळत नाही, त्यामुळं हे ऐकायला गोड लागतं.

आणि हो, हे ट्यूबलेससाठी आहे. ज्यांच्या गाडीला ट्यूब आणि फ्लॅपवाला 10.00-20 आहे, त्यांनी टायर आणि ट्यूबच्या मधे दाणे अजिबात ओतू नका. ट्यूब घासून जाईल. झालं, पुढं जाऊ.

आता खरी गोम. "दाणे जड जागेच्या समोर जातात." का जातील? दाण्याला कुणी सांगितलं की जड बाजू कुठंय? फिरणारं चाक त्याला फक्त बाहेर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडकडं ढकलणार. टायर दणके न खाता गोल फिरत असेल, तर दाणा जिथं चिकटला तिथंच बसेल. त्याला सरकवणारी एकच गोष्ट आहे, टायरची थरथर. आणि ती त्याला कुठल्या बाजूला सरकवेल, हे चाक किती जोरात फिरतंय यावर ठरतं.

घरातलं वॉशिंग मशीन बघा. वरून कपडे टाकायच्या मशीनच्या ड्रमला वर एक पोकळ रिंग असते, आत मिठाचं पाणी. स्पिन सुरू होतो तेव्हा काय होतं? धडधड धडधड. मशीन चालत कोपऱ्यात जातं. मग वेग वाढतो आणि एकदम शांत. ती सुरुवातीची धडधड म्हणजे ड्रमची स्वतःची झुलायची लय. तिच्या खालच्या वेगाला रिंगमधलं पाणी जड बाजूलाच जमतं, म्हणजे त्रास वाढवतं. लय ओलांडली की तेच पाणी समोरच्या बाजूला जातं आणि तोल साधतो. पाणी तेच, रिंग तीच. फक्त वेग कुठल्या बाजूला आहे, एवढाच फरक.

आता तुम्ही सगळ्यांनी मला पाठवलेला तो बाटलीचा व्हिडिओ. पारदर्शक बाटली, आत दाणे, बाहेर चिकटवलेलं वजन, ड्रिलनं फिरवली आणि दाणे टुणकन समोर गेले. व्हिडिओ खोटा नाही. पण बाटली हलकी, खालचा आधार लवचिक, आणि ड्रिल मिनिटाला हजाराच्या वर फेरे मारतं. म्हणजे बाटली आपली लय कधीच ओलांडून वर गेलेली. तिथं दाणे समोर जाणारच. तुमचं टायर असं फिरतं का?

हिशोब करू. बसचं टायर 295/80 आर 22.5. रस्त्यावर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर जातं. ताशी 80 ला सेकंदाला 7 फेरे. मिनिटाला 420. आता एक्सल आणि टायर मिळून रस्त्यावर वरखाली उसळायची स्वतःची लय मोठ्या गाड्यांत साधारण सेकंदाला 10 ते 12 असते. टायरच्या हवेनं आणि लोडनं थोडी इकडंतिकडं होते. ती लय गाठायलाच चाकाला सेकंदाला 10 फेरे पाहिजेत, म्हणजे ताशी 115. समृद्धीवरसुद्धा मोठ्या गाडीची मर्यादा याच्या खालीच आहे. म्हणजे आपली बस वॉशिंग मशीनच्या धडधडीच्या अलीकडंच अख्खं आयुष्य काढते. तिथं वरखाली थरथरीला दाणे मदत करतील असं धरून चालू नका. उलट जड बाजूकडंच सरकू शकतात.

आता कमेंट येणार, "मग माझ्या गाडीत फरक का पडला?" येतो त्यावर. त्याआधी न्यायानं बोलतो. स्टेअरिंगची आडवी थरथर वेगळी असते, तिची लय वरखाली उसळण्यापेक्षा कमी असू शकते. एखाद्या गाडीत चाक ती लय ओलांडून जात असेल, तर थोडा फायदा होऊ शकतो. म्हणून मी सरसकट फसवणूक म्हणत नाही. पण पुडीवर हे कुठं लिहिलंय? तिथं लिहिलंय सगळ्या गाडीला, सगळ्या वेगाला.

बरं, असमतोल किती त्रास देतो तेही ऐका. ट्रेडजवळ एका बाजूला 200 ग्रॅम जास्त असेल, तर 80 ला ते साधारण 20 किलोनं चाकाला ओढतं, फेऱ्याला एकदा. 40 ला त्याच्या चौथाई, पाच किलो. म्हणजे खरा असमतोल कमी वेगात जाणवतच नाही. गाडी 25-30 ला डुलायला लागली, तर तो असमतोल नाही! टायर गोल नाही, टायर ज्यावर बसतो ती चाकाची डिस्क वाकडी आहे, नाहीतर टायर डिस्कवर नीट बसलेला नाही. अंडाकृती टायरात पोतंभर दाणे टाका, टायर गोल होणार नाही.

आता फरक का पडला ते. नांदेडकडची एक स्लीपर बस आली होती. मालक म्हणाला, "70 च्या वर स्टेअरिंग हातात राहिना. डाव्या टायरात 300 ग्रॅम दाणे टाकले, बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. अजून 200 टाकू का?" मी म्हणलं, आधी जॅक लावू.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून पुढचा एक्सल उचलला. बेअरिंगला खेळ नाही, किंगपिन ठीक. मग ट्रेडच्या मधोमध टोकदार सळई स्टँडवर लावली, टोक ट्रेडच्या अगदी जवळ, आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. उंच जागा खडूनं मारली. सर्वात उंच आणि सर्वात खोल यातला फरक किती? मी अडीच मिलीमीटरपर्यंत सोडून देतो. तिथं आला जवळपास 5. मग बाजूला बघा म्हणलं. टायरच्या कडेला, डिस्कच्या ओठाला लागून एक बारीक रेघ असते, कारखान्यातूनच येते. ती डिस्कपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूला 4 मिलीमीटर, समोरच्या बाजूला 8. टायर डिस्कवर वाकडा बसला होता.

मग थोडा फरक कसा पडला? दाणे टाकायला टायर उघडला होता ना! काठ सोडवला, पुन्हा साबणपाणी लावलं, पुन्हा हवा भरली. पहिल्यापेक्षा जरा सरळ बसला. श्रेय कुणाला? दाण्यांना. पुडी विकणारे पोरं पण हेच सांगतात, "टाकताच फरक पडला." अहो, टाकताना तुम्ही काय केलं तेही सांगा की!

हे मी तीन वेळा सांगणार, कारण लोक सोडत नाहीत. दाणे टाकायला बहुतेक जण टायर उघडतात. टायर उघडला की बसणी बदलते. आणि बसणी बदलली की थरथर बदलते. दाण्यांचा गुण तपासायचा असेल, तर आधी दाणे न टाकता नुसता टायर उघडून, डिस्कवर अर्धा फेरा वळवून, नीट बसवा, मापा, त्याच रस्त्यावर चालवा. मग दाणे टाका, पुन्हा चालवा. दोन्हीतला फरक तो दाण्यांचा. हे कुणी करत नाही.

आम्ही काय केलं? हवा सोडली. व्हॉल्व्हचा पिन काढताच दाणे फुर्रकन बाहेर, माझ्या पोराच्या तोंडावर. चष्मा होता म्हणून बरं. दाणे आत असतील तर व्हॉल्व्ह वर आणून मग हवा सोडायची, आणि जाळीवाला पिन वापरायचा, नाहीतर दाणा अडकून हवा सुटत राहते. आत बघितलं तर निम्मे दाणे काठाला साबणाच्या फेसात चिकटलेले, आणि काही डिस्कच्या बसणीवर, जिथं टायर बसायला पाहिजे तिथंच. सगळे झाडून काढले, बसणी कोरडी पुसली, टायर पालथा घालून जरा वळवला, योग्य वंगण लावलं, टायर फुटला तर इजा होऊ नये म्हणून लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरली. पुन्हा मापलं, दीड मिलीमीटर. रेघ सगळीकडं सारखी. दाण्याशिवाय बस 80 ला शांत. मालक म्हणाला, "मग ते तीनशे ग्रॅम परत करू का?" म्हणलं, दुकानदाराला विचार.

दुसरी एक फसगत. रात्रभर भरलेली गाडी उभी राहिली, की टायरला खाली जरा चपटेपणा येतो, नायलॉनच्या टायरला जास्त. सकाळी काही किलोमीटर गाडी डुलते, टायर गरम झाला की जाते. दाणेवाले म्हणतात, "बघा, दाणे आता सेट झाले." टायर गरम झाला, भाऊ.

आणि सिमेंटच्या रस्त्यावरची परीक्षा ग्राह्य धरू नका. तिथं साधारण साडेचार मीटरला सांधा असतो. 80 ला सेकंदाला 5 ठोके. चाकाचे 7. हाताला फरक कळत नाही. डांबरी रस्त्यावर जाऊन बघा, थरथर गेली तर रस्त्याची, राहिली तर गाडीची.

पावडरबद्दल विचारणाऱ्यांना: आपल्याकडच्या पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, पावसाळ्यात तर विचारू नका. ते पाणी हवेबरोबर टायरात जातं, पावडरीचे गोळे होतात, आणि एका जागी चिकटलेला गोळा म्हणजे नवा असमतोल. टाकणारच असाल तर टाकी आधी रिकामी करून घ्या. त्याच टायरात पंक्चरचं द्रव आधी भरलेलं असेल, तर दाणे-पावडर काहीच टाकू नका, लाडू होईल.

शेवटची एक कमेंट, लातूरच्या एका भावाची: "टायर रिमोल्डला द्यायचाय, दाणे आत असले तर चालतील का?" नाही. आधी काढून, आतून पुसून द्या, आणि रिमोल्डवाल्याला सांगा की आत दाणे होते. तो विचारेल कशाला टाकले, त्याला हा व्हिडिओ दाखवा.